पोटावर फुगणाऱ्या आणि दोन तासांत खाली येणाऱ्या निऱ्या: दोन फोटो बघून

प्रश्न: दोन फोटो टाकलेत. पहिला घरून निघतानाचा आरशातला, दुसरा लग्नात जेवणानंतर बहिणीने बाजूने काढलेला. साडी पैठणी आहे, वरचा काठपण चांगला रुंद आहे. माझी उंची ५ फूट १ इंच, सँडल २ इंचांची. पहिल्या फोटोत पोटावर एवढा फुगवटा दिसतोय की मी प्रेग्नंट आहे का असं विचारलं दोघींनी! आणि दोन तासांनी निऱ्या समोरून खाली आल्या, पायात अडकायला लागल्या. निऱ्यांना पिन लावली होती, नाडीपण घट्ट होती. नक्की चुकतंय कुठे? पोट कमी करा हे उत्तर नको प्लीज.

उत्तर:

पोटाचा काही संबंध नाही ताई, आधी ते डोक्यातून काढा. तुमचा पहिला फोटो झूम करून बघा, कंबरेपासून साधारण एक वीत खाली एक आडवी रेघ दिसतेय, हलकी सावली पडल्यासारखी, आणि ती रेघ फक्त निऱ्यांच्या रुंदीएवढीच आहे. पोटाचा उंचवटा असा सरळ रेघेत कधी संपत नाही, तो गोल असतो आणि हळूहळू उतरतो. सरळ रेघेत संपणारी गोष्ट म्हणजे कापडाची कडा. तुम्ही जे आत खोचलंय ना, त्याची कडा आहे ती, म्हणजे तुमचा तो वरचा रुंद काठ सगळाच्या सगळा आत जाऊन ओटीपोटावर गठ्ठा होऊन बसलाय.

आता हे तुमच्याच बाबतीत का झालं आणि तुमच्या बहिणीने तीच साडी नेसली तर का होणार नाही (ती फोटोत बरीच उंच वाटतेय), ते थोडं मोजून सांगते कारण एकदा हे मोजलं की पुढचं सगळं आपोआप समजतं. पैठणीचा पन्हा म्हणजे रुंदी धरा ४६ इंच, तुमची तुम्ही टेप लावून बघा, एखाद इंच इकडेतिकडे असेल. तुमच्या उंचीला बेंबीपासून जमिनीपर्यंत साधारण साडेछत्तीस इंच भरतात, सँडलचे २ मिळवले की साडेअडतीस, साडी जमिनीपासून अर्धा इंच वर हवी, म्हणजे दिसायला लागणारं कापड ३८ इंच. मग उरलेलं ८ इंच कापड जातं कुठे? आत. ५ फूट ७ इंचांच्या बाईला तीच साडी, तेच सँडल असतील तर आत जेमतेम ४ इंच जातं. तुमच्या आत तिच्या दुप्पट कापड आहे आणि त्यात वरून अख्खा जरीचा काठ.

आणि हे ८ इंच एकपदरी नाहीये हो. तुम्ही ६ निऱ्या घेतल्यात (फोटोत मोजल्या मी), प्रत्येक निरी म्हणजे कापडाचे दोन थर, जाताना एक आणि परत येताना एक. म्हणजे १२ थर. ते नाडीवरून आत दुमडले की १२ बाहेर आणि १२ आत, कंबरेच्या त्या पाच इंचांत २४ थर झाले आणि मधे परकर. शिफॉन असती तर २४ थर काही वाटले नसते, पण पैठणी आणि जरीचा काठ, म्हणजे एखादी जाड वही पोटाशी बांधल्यासारखंच झालं.

आता दुसरा फोटो. तुम्हाला वाटतंय फुगणं वेगळं आणि सुटणं वेगळं, दोन प्रॉब्लेम आहेत, तसं नाहीये. नाडी हा सरळ दोर असतो, तो ह्या गठ्ठ्यावरून जाताना वर उचलला जातो, तंबूच्या काठीवरून दोरी जाते तसा. गठ्ठ्याच्या डाव्या-उजव्या बाजूला मग पोट आणि नाडी यांच्यात फट राहते. तुम्ही नाडी कितीही करकचून बांधा, ती गठ्ठ्याच्या मधोमध टोचेल, बाजूला सैलच राहील. त्यामुळे मधल्या दोन निऱ्या तेवढ्या पकडलेल्या असतात आणि कडेच्या निऱ्या नुसत्या आत लोंबत असतात. बसलं उठलं, खालून एकदा स्वतःच्याच सँडलचा पाय पडला की त्या आधी सरकतात आणि बाकीच्यांना घेऊन येतात. म्हणजे जो गठ्ठा फुगतोय तोच पकड सोडतोय. तुम्ही नाडी अजून घट्ट केली असेल पुढच्या वेळी, हो ना? सगळ्या जणी तेच करतात, आणि रात्री कंबरेवर वळ घेऊन घरी येतात.

पण एक खात्री करून घेऊ, कारण साडी समोरून खाली येते ती दोन प्रकारे येऊ शकते. एक म्हणजे निऱ्या परकरातून बाहेर येतात, दुसरं म्हणजे परकरच सगळा कंबरेवरून खाली घसरतो. दोन्हीचा उपाय वेगळा. हे ओळखायला साडीचा मागचा काठ बघायचा. बहिणीने बाजूने फोटो काढला ते बरं झालं, त्यात पुढचा काठ जमिनीवर लोळतोय पण मागचा काठ टाचेपाशी जिथे असायला हवा तिथेच आहे. म्हणजे परकर जागेवर आहे, निऱ्याच निसटल्यात. मागचा काठपण लोळत असता तर मी तुम्हाला निऱ्यांचं काहीच सांगितलं नसतं, फक्त परकराचं सांगितलं असतं.

अजून एक बारीक गोष्ट त्या पहिल्या फोटोत आहे. कंबरेवर गठ्ठ्यातच, मधोमध नाही तर जरा डावीकडे, एक बोराएवढा टेंगूळ दिसतोय. (आरशातला फोटो आहे, पदरपण फोटोच्या डाव्या बाजूला आलाय, म्हणजे हे तुमचंच डावं, उलटं समजू नका. समोरून दुसऱ्या कोणी काढलेल्या फोटोत तुमचं डावं फोटोच्या उजवीकडे येतं आणि मग निऱ्या उलट्या घेतल्यात की काय असा घोळ होतो.) तो टेंगूळ म्हणजे नाडीची गाठ. बरोबर निऱ्यांच्या खाली आलीये. आधीच २४ थर, त्यात खाली गाठ.

चला आता उतरवा सगळं, पहिल्यापासून नेसू. घरी निवांत वेळ असताना करा, कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्यांदा नको.

परकरापासून. सॅटिनचा असेल तर पैठणीखाली नको, गुळगुळीत कापडावर गुळगुळीत कापड. सुती परकर घ्या, आणि त्याची नाडी जर ती बारीक गोल दोरीसारखी असेल तर काढून टाका आणि इंचभर रुंदीची चपटी सुती पट्टी ओवा नेफ्यात. रुंद पट्टी पकडते जास्त आणि रुतते कमी. आजकाल तो लवचिक, अंगाला चिकटून बसणारा परकर निघालाय, मासोळीच्या आकाराचा, तो हलक्या साडीला मस्त आहे, मीपण वापरते, पण जड सिल्कच्या वजनाने त्याचं इलॅस्टिक ताणलं जातं आणि संध्याकाळपर्यंत साडी इंचभर खाली येते. त्याचा हट्टच असेल तर आत तो घाला आणि वरून नाडीवाला सुती.

बांधायचा कुठे, हा खरा मुद्दा. बऱ्याच जणी पोटाच्या सगळ्यात फुगीर घेरावर बांधतात कारण बेंबी तिथेच असते. त्या जागी नाडी कधी टिकत नाही, ती कुठल्या तरी एका बाजूच्या उतारावर सरकणारच. तुम्ही दीड इंच वर बांधा, जिथे कंबर थोडी आत जाते तिथे. खाली रुंद भाग आला की नाडी त्याच्यावर बसते, खाली जायला जागाच नाही तिला. दुसरा फायदा काय झाला बघा, दिसणारं कापड ३८ ऐवजी साडेएकोणचाळीस झालं, म्हणजे आत जाणारं ८ वरून साडेसहा इंचांवर आलं. ब्लाउज आणि साडीमधली जागा दीड इंच कमी दिसेल, त्याला इलाज नाही, पण पैठणीवर ते वाईट दिसत नाही. श्वास नॉर्मल सोडून बांधा, पोट आत ओढून नाही, नाहीतर बसल्यावर जीव जाईल. एक बोट जेमतेम आत जावं इतपत घट्ट. आणि गाठ डाव्या कुशीवर, हाडाच्या थोडी मागे. परकराची फट समोर असेल तर परकर फिरवून घ्या, एवढंच. सँडल आत्ताच घाला, नंतर घालून साडी २ इंच वर गेली म्हणून परत सोडणाऱ्या मी रोज बघते.

पहिला वेढा उजव्या कुशीपासून, सगळीकडून खालचा काठ जमिनीपासून सारखा ठेवत. इथे वरची कडा गोळा करून नाही कोंबायची, हाताचा पंजा सपाट ठेवून आत सारायची आणि आत गेलेलं कापड बोटांनी खाली ओढून घ्यायचं, म्हणजे आत चुण्या राहत नाहीत. पहिल्या वेढ्यातल्या ह्या चुण्या पुढे निऱ्यांच्या खाली येतात आणि आपण दोष निऱ्यांना देतो.

आता निऱ्या घ्यायच्या आधी पदर. ही ऑर्डर महत्त्वाची आहे आणि जवळजवळ सगळ्या उलट करतात. आधी निऱ्या घातल्या की पदर तोकडा वाटतो, मग खांद्यावरून पदर ओढला जातो, तो ताण डाव्या कुशीवरून थेट निऱ्यांवर येतो आणि निऱ्या डावीकडे उघडतात. फोटोत हे ओळखायचं म्हणजे निऱ्यांपासून डाव्या कुशीकडे वर चढणाऱ्या तिरक्या ताणलेल्या रेघा दिसतात आणि सगळ्यात डावीकडची निरी खाली काठाशी उचललेली दिसते. तुमच्या फोटोत थोडं आहे हे पण फार नाही. तर पदर आधी खांद्यावर टाकून, मागे हवा तेवढा सोडून, एक पिन मारून मोकळं व्हा. मग समोर जो झोळ उरेल, तेवढ्याच्याच निऱ्या.

तुम्ही ६ घेतल्या होत्या पाच इंचांच्या, म्हणजे ६० इंच कापड. ह्या वेळी ५ घ्या, साडेपाच इंचांच्या. ५५ इंच कापड गेलं, थर १२ चे १० झाले, आणि वाचलेले पाच इंच पदराकडे सरकवा. निऱ्या जितक्या जास्त तितकी साडी भारी दिसते असं एक खूळ आहे, सुती किंवा मऊ साडीला असेल ते खरं, जरीच्या सिल्कला ५ रेखीव निऱ्या पुरतात. पहिली निरी इतरांपेक्षा अर्धा इंच रुंद घेतलीत तर मागच्या सगळ्या तिच्यामागे झाकल्या जातात.

आता नीट बघा, कारण सगळी गंमत इथे आहे. निऱ्या हातात एकावर एक पत्त्यांच्या कॅटसारख्या जुळवता ना आपण, खाली काठाशी तशाच जुळवा, पण वर कंबरेशी त्यांना पाव-पाव इंचाची पायरी द्या. म्हणजे सगळ्यात पुढची निरी तिच्या जागी, तिच्या मागची पाव इंच डावीकडे डोकावणारी, तिच्या मागची अजून पाव इंच. पाच निऱ्यांना मिळून फक्त एक इंच रुंदी वाढते, पण जाडी एका जागी न राहता उताराने कमी होत जाते. समोरून बघितलं तर काही कळत नाही, उलट निऱ्यांच्या कडा सुंदर दिसतात. कपडे वाळत घालायचा चिमटा लावून ठेवा कंबरेच्या रेघेच्या जरा खाली.

मग पिन नंबर एक. ही आतल्या बाजूने लावायची, दुमडीच्या रेघेच्या अर्धा इंच वर, म्हणजे खोचल्यावर ती आत जाईल, दिसणार नाही. सगळ्यात पुढची घडी सोडून बाकीच्या निऱ्या हिच्यात घ्यायच्या, आणि साध्या कापडावर लावायची, जरीवर नाही. हिचं काम निऱ्या एकत्र ठेवणं एवढंच, हिच्यावर वजन द्यायचं नाही. ह्या पिनेच्या वर जे सहा-साडेसहा इंच कापड आहे ते मोकळं आहे अजून. ते तसंच गठ्ठ्याने आत कोंबायचं नाही! त्याचा पंखा करायचा. पोट आत घ्या, डाव्या हाताने नेफा थोडा पुढे ओढा, निऱ्या आत सोडा, आणि उजव्या हाताचा पंजा आत घालून ते मोकळे थर वेगळे करा, अर्धे डावीकडे, अर्धे उजवीकडे, सपाट करून पसरवा, बोटांनी चाचपत. ५५ इंच कापड तुम्ही आत दहा इंचांत पसरवलंत तर एका जागी पाच-सहाच थर आले, आणि त्यांच्या कडा वेगवेगळ्या उंचीवर तिरक्या गेल्या, त्यामुळे ती आडवी रेघ जाते. पोट सोडा आता. नाडीला आता टेकायला दहा इंच सपाट जागा आहे, मधे टेकडी नाही, आणि पकड सगळ्या निऱ्यांना सारखी बसते. हातावरून कळतं हे, नाडीवरून बाहेरून बोट फिरवा, जिथे बोट खोल जातं तिथे फट आहे, तिथे थर कमी पडलेत, थोडं कापड तिकडे सरकवा.

पहिल्या दोन-तीन वेळा हे नीट जमणार नाही, आत काही दिसत नाही ना. मी नवीन मुलींना शिकवताना आधी टेबलावर रिकामा परकर ठेवून त्यात पंखा करायला लावते, बाहेरून बघत बघत. तुम्हीपण उशीला परकर बांधून बघा, हसू नका, खरंच उपयोग होतो.

पिन नंबर दोन निऱ्या सुटू नयेत म्हणून. तुम्ही म्हणताय पिन लावली होती, पण मला खात्री आहे की ती निऱ्या एकमेकींना जोडणारी होती, परकराला नव्हती. नुसत्या एकमेकींना जोडलेल्या निऱ्या सुटल्या की सगळ्या मिळून एकत्र सुटतात, एवढाच फरक. दुसरी पिन आडवी, नेफ्याच्या जाड पट्टीत, आणि तिच्यात फक्त सगळ्यात मागच्या निरीचे मागचे एक-दोन थर घ्यायचे. तिथे छोटी सुती घडी, दोन बोटांएवढी, कापडाखाली ठेवून त्यातून पिन घाला म्हणजे रेशमाला ताण थेट लागत नाही.

सगळे थर आणि परकर एकाच पिनेत कधीही घ्यायचे नाहीत. हे मी स्वतः शिकलेय, अगदी सुरुवातीच्या काळात एका नवरीला नेसवताना सुटायलाच नको म्हणून मी एक भलीमोठी पिन आरपार मारली, सगळ्या निऱ्या अधिक नेफा. पाटावरून उठताना तिच्याच पायाखाली काठ आला, सगळं वजन त्या एका पिनेवर, आणि नवी कोरी साडी पिनेपाशी फाटली, मसुरीच्या डाळीएवढं भोक आणि त्याच्या खाली बोटभर उसवल्यासारखी चीर. तिची आई काही बोलली नाही, नुसती बघत राहिली माझ्याकडे, त्यापेक्षा ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तेव्हापासून माझा नियम असा की पाय पडलाच तर पिनेपाशी मागचा एखादा थर ओढला जाऊ दे, पण सगळी साडी त्या पिनेवर लटकायला नको.

निऱ्या खोचून झाल्या की दोन्ही बाजूंना थोडा झोळ उरतो, उजव्या कुशीपासून निऱ्यांपर्यंत आणि निऱ्यांपासून डाव्या कुशीपर्यंत. हा झोळ तसाच राहिला तर कंबरेवर निऱ्यांच्या शेजारी फुगा येतो, जो लोकांना पुन्हा पोट वाटतं. त्याला निऱ्यांकडे ढकलायचं नाही. उलट कुशीकडे न्यायचा, एक सपाट घडी घालून, घडीचं तोंड मागे, आणि कुशीवर खोचायचा, जिथे थर कमी आहेत. एकच घडी, चार बारीक चुण्या नकोत.

आता टेस्ट. गुडघ्यापाशी निऱ्या चिमटीत धरा आणि खाली हलकेच ओढा, कोणी पाय दिल्यासारख्या. काठ खाली आला तर आत पकड नाहीये, पंखा परत करा. मग खुर्चीवर तीनदा बसा-उठा, दोन पायऱ्या चढा, उजवा हात वर करून कपाटाच्या वरचं काहीतरी काढल्यासारखं करा. काठ पाव-अर्धा इंच हलला तर चालतं, प्रत्येक साडी बसताना तेवढी हलते आणि मग तिथेच थांबते. प्रत्येक उठण्याला थोडी थोडी खाली येतच राहिली तर ती दोन तासांनी तुमच्या पायात असणार हे नक्की. आणि खालची लांबी, ती समोर अर्धा इंच वरच हवी जमिनीपासून. समोरून लोळणारी साडी फोटोत छान दिसते एखाद्या, पण त्या फोटोतल्या बाईला चालायचं नसतं.

आदल्या रात्री थोडी तयारी करायची असेल तर निऱ्या पलंगावर घालून, वर, मधे आणि खाली चिमटे लावून, उलट्या बाजूने वर सुती कापड टाकून मंद इस्त्री फिरवा. पाणी शिंपडू नका, रेशमावर पाण्याचे डाग राहतात. अशा दाबलेल्या निऱ्या जवळजवळ निम्म्या जाडीच्या वाटतात. पण कार्यक्रम झाला की घडी मोडून ठेवा, महिनोन्महिने त्याच घडीवर ठेवली की रेशीम आणि जर तिथेच चिरते.

कितपत अपेक्षा ठेवायची तेपण सांगते. साडी नवी कोरी, कडक असेल तर दुमडीवर थोडी जाडी राहणारच, मी नेसवली तरी राहते, चार-पाच वेळा नेसून ती मऊ पडली की बरीच कमी होते. आणि हे सगळं जड सिल्कचं आहे बरं का. शिफॉन-जॉर्जेटमध्ये कहाणी उलटी, तिथे जाडी नसते म्हणून नाडीला पकडायलाच काही मिळत नाही, तिथे निऱ्या ७-८ घ्या, आतला पंखा नको, घट्ट घडीच ठेवा. खळ दिलेल्या सुती साडीला वरच्या दुमडीवर हाताने पाण्याचं नुसतं बोट फिरवलं की ती मऊ होते आणि बसते, बाकी काही करावं लागत नाही.

आता फोटोचं राहिलं. तुमचा पहिला फोटो मोबाईल छातीपाशी धरून, आरशाच्या अगदी जवळून काढलाय आणि डोक्यावर ट्यूब आहे. जवळून काढलं की जे लेन्सच्या जवळ ते मोठं दिसतं, म्हणजे समोर आलेलं पोट आणि निऱ्या, आणि वरच्या उजेडाने त्या आडव्या रेघेखाली सावली पडून ती दुप्पट ठळक झाली. तुमच्या फुगवट्यातला निदान थोडा तरी भाग ह्याचा आहे. पुढच्या वेळी तपासायला फोटो काढाल तेव्हा कोणाला तरी सहा-सात फुटांवर उभं करा, मोबाईल कंबरेच्या उंचीवर, थोडा झूम करून, एक समोरून आणि एक बरोबर बाजूने, खिडकीचा उजेड असताना. बाजूचा फोटो सगळं सांगतो, ब्लाउजच्या खालून काठापर्यंत एक रेघ डोळ्यांनी ओढा. कंबरेशीच ती बाहेर आली तर वरची पायरी नीट पडली नाही, एक वीत खाली बाहेर आली तर आतला पंखा उघडला नाही, आणि कंबरेच्या वर फुगा दिसला तर तो बाजूचा झोळ आहे. ते दोन नवे फोटो टाका इथे, परकर दीड इंच वर बांधून आणि ५ निऱ्यांचे, मग पदराकडच्या त्या तिरक्या रेघांचं बघू.